कपाटासमोर बसून लिहायचं पत्र

अनंत चतुर्दशीला मिरवणूक संपते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडववाला बांबू उतरवतो, आणि मग सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या चिटणिसाकडे एक काम उरतं. वर्षभर मंडळाच्या नावावर जे काही जमलं आहे, म्हणजे पूजेची भांडी, महाप्रसादाची पातेली, मखर, पडदे, दिव्यांच्या माळा, बाप्पाचे चांदीचे दागिने, बँकेतली आणि हातातली रक्कम, ते सगळं पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीकडे लेखी सोपवायचं. चाळीत याला 'चार्ज देणं' म्हणतात. पत्राचा मायना ठरलेला असतो: वर 'श्री गणेशाय नमः', खाली 'सप्रेम नमस्कार', मग 'सोबतच्या यादीप्रमाणे सर्व वस्तू व रक्कम आपल्या स्वाधीन केली आहे, पोहोच द्यावी'. शेवटी दोन सह्या.

मी गिरगावातल्या एका चाळीच्या मंडळात बरीच वर्षं चिटणीस होतो, आणि आता आसपासच्या काही मंडळांचे हिशेब तपासून देतो. तपासनीस म्हणून गेलो की ताळेबंदाआधी मी हे पत्र मागतो. बहुतेक ठिकाणी मिळतं ते गेल्या वर्षीच्या पत्राची नक्कल असते. वरची तारीख बदललेली, खालच्या सह्या बदललेल्या, मधली यादी मात्र पाच-सात वर्षांपूर्वीची, तशीच उतरवलेली. त्या यादीत चार समया असतात आणि कपाटात तीन. चौथी कुणाच्या कारकिर्दीत गेली ते कोणालाच सांगता येत नाही, कारण प्रत्येकाने चार मिळाल्याची सही केलेली असते. मग संशय त्या वर्षीच्या पोरांवर येतो. बहुतेक वेळा त्यांनी ती समई पाहिलेलीही नसते.

म्हणून पहिला नियम असा की हे पत्र जुन्या पत्रावरून लिहायचं नाही, वस्तूंवरून लिहायचं. जुना चिटणीस, नवा चिटणीस, दोन्ही खजिनदार आणि कार्यकारिणीबाहेरचा एखादा जाणता माणूस, एवढी मंडळी मंडळाच्या खोलीत सतरंजी टाकून बसतात. कपाट रिकामं करून एकेक वस्तू बाहेर काढतात, एकजण सांगतो, दुसरा लिहितो. यादी पूर्ण झाल्यावर जुनं पत्र उघडायचं आणि ताडून पाहायचं. आधी उघडलं की डोळा वस्तूऐवजी कागदाकडे जातो, 'चार समया' वाचल्यावर माणूस चौथी शोधून काढतोच, मग ती शेजारच्या घरची का असेना.

वेळेचंही एक पथ्य आहे. पुष्कळ मंडळांत नवी कार्यकारिणी निवडली जाते ती आषाढात, उत्सव दोन महिन्यांवर आल्यावर. मधले आठ-नऊ महिने सामान असतं जुन्यांच्या ताब्यात, पण त्यांची जबाबदारी संपल्यासारखी असते. मांडव उतरल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारी मोजणी करून टाकावी. नवे निवडलेले नसतील तर पत्र विश्वस्तांच्या किंवा हिशेबतपासनिसाच्या नावे लिहून ठेवावं. कामं केलेली पोरं तोवर आसपास असतात, कोणती परात कोणाच्या घरी गेली ते त्यांना आठवत असतं. दिवाळीनंतर ते आठवत नाही.

आता भांडी. 'पातेली १२ नग' असं लिहिलेलं मी कितीदा तरी वाचलं आहे, आणि या नोंदीचा काहीही उपयोग नसतो. सत्यनारायणाच्या महाप्रसादाला शिरा करायची जाड बुडाची पितळी कढई आणि चहाचं पातळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, दोन्ही 'नग'च. चाळीत मंडळाची भांडी बारशाला, मुंजीला, तेराव्याला नेतात, ती नेलीच पाहिजेत, मंडळ त्यासाठीच आहे. पण परत येताना एखाद्या वेळी जाड बुडाच्या जागी त्याच आकाराचं पातळ भांडं येतं. नेहमी लबाडीच असते असं नाही. आचाऱ्याकडे चार ठिकाणची भांडी एकत्र झालेली असतात. नग बारा ते बाराच राहतात, म्हणून यादीला ही अदलाबदल कळत नाही. ती वजनाला कळते.

यासाठी प्रत्येक मोठ्या भांड्याची नोंद चार गोष्टींनी करावी: धातू, तोंडाचा व्यास, वजन आणि त्यावर घातलेलं नाव. वजनाला ताणकाटा पुरतो, नाहीतर वाण्याच्या काट्यावर नेऊन आणावं. नमुना म्हणून एक नोंद देतो: 'पितळी पातेलं, तोंड १८ इंच, वजन ७ किलो ४०० ग्रॅम, काठावर मंडळाचं नाव व १९८४, आतून कल्हई गेलेली.' ही एवढी ओळ असली की वीस वर्षांनंतरचा माणूसही ते पातेलं ओळखेल. ज्या भांड्यावर नाव नाही त्यावर आधी घालून घ्यावं. भांड्यांच्या दुकानात अजून ते काम करून मिळतं. कोणाच्या स्मरणार्थ दिलेलं भांडं असेल तर त्यावरचं दात्याचं नाव पत्रात शब्दशः उतरवावं, कारण पुढे ते मोडीत काढायची वेळ आली तर त्या घराला आधी विचारावं लागतं.

नोंदीतले शेवटचे दोन-तीन शब्द, 'कल्हई गेलेली', तर लिहिलेच पाहिजेत. जुन्या मंडळांकडे पितळेची भांडी असतात आणि नव्या मुलांना कल्हईची माहिती नसते. पितळेत तांबं असतं. त्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. तो थर असेपर्यंत आमटी-भाजी काहीही शिजवता येतं. तो झिजला आणि त्यात चिंचेची आमटी, ताक किंवा टोमॅटोचं सार केलं, की आंबटाने तांबं अन्नात उतरतं. अन्न कळकतं, चव बिघडते, आणि खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. दोनशे पानांची पंगत उठली आणि रात्री घराघरांतून माणसं आजारी पडली, तर त्याला कारण एवढंसंही असू शकतं. ओळखायचं कसं? भांडं आतून घासून उजेडात धरावं. कल्हई असेल तिथे पांढरट चकाकी दिसते, गेली असेल तिथे पिवळे डाग दिसतात. पत्रात प्रत्येक पितळी भांड्यासमोर शेवटची कल्हई कधी झाली ते लिहावं. आणि कल्हईवाले आता शोधावे लागतात, म्हणून ज्याच्याकडून करून घेतली तो कुठे बसतो, तेही.

पूजेच्या भांड्यांत घोळ वेगळा असतो. ताम्हन, पळी, पंचपात्र, तबक, निरांजन, घंटा, झांजा, ही मोजायला सोपी. समई मात्र भागांची असते: बैठक, दांडी, तेलाची थाळी आणि वरचा मोर. घासायला उघडली की भाग सुटे होतात, आणि दोन समयांचे आटे एकमेकींना बसत नाहीत. 'समया दोन' लिहून सही झाली, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री जोडायला घेतल्यावर एका थाळीचा पत्ता नाही, हे मी पाहिलेलं आहे. समई जोडून, उभी करून मोजावी आणि भाग लिहावेत.

चांदीच्या वस्तूंसाठी मी स्वतंत्र कागद करायला सांगतो. मुकुट, हात, पाय, कान, मोदक, दूर्वांचा हार, उंदीर, नवसाचे छोटे पाळणे, असं पन्नास-साठ वर्षांत बरंच साठतं. इथे 'चांदीचा मुकुट, एक' ही नोंद धोक्याची आहे. पुष्कळ पोकळ दागिन्यांत आकार टिकावा म्हणून लाख भरलेली असते, मुकुटाच्या आत मखमलीचं अस्तर असतं, पुढे खडे असतात. काट्यावर १ किलो १२० ग्रॅम दिसलं म्हणजे तेवढी चांदी झाली असं नाही. म्हणून पत्रात लिहायचं: 'एकूण वजन, लाख, खडे व अस्तरासह, १ किलो १२० ग्रॅम'. दरवर्षी तशाच स्थितीत तोललं की तुलना करता येते. घासूनपुसून दोन-चार ग्रॅमचा फरक पडतो, लाखेचा तुकडा निघाला तर आणखी थोडा. मात्र वजन तेवढंच आणि वस्तू वेगळी, असंही होऊ शकतं, म्हणून फोटो हवा. फोटो काट्यावर ठेवूनच काढावा, आकडा आणि वस्तू एकाच चौकटीत. सराफाकडे तोललं असेल तर त्याची चिठ्ठी सोबत टाचावी. मुलामा दिलेली वस्तू 'चांदीची' म्हणून लिहू नये, 'मुलाम्याची' असंच लिहावं. वीस वर्षांनी कोणी कस लावला आणि ती पितळी निघाली, तर मधल्या सगळ्या चिटणिसांवर आळ येतो.

मोजून झालं की दागिने पिशवीत घालून तोंड शिवावं, त्यावर कागद चिकटवून जुन्या-नव्या दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि पिशवी लॉकरमध्ये जावी. पत्रात लॉकर कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे आहे, आणि लॉकर उघडायला कोणाच्या सह्या लागतात, या तीन गोष्टी हव्यात. लॉकर एका जुन्या कार्यकर्त्याच्या खाजगी नावावर असल्याचं पुष्कळदा आढळतं. जागा मिळत नव्हती, त्यांनी भलेपणाने दिली. तो गृहस्थ गेला की वारसाचा दाखला आल्याशिवाय बाप्पाचा मुकुट बाहेर येत नाही. अशी व्यवस्था असेल तर ती पत्रात स्पष्ट लिहावी, आणि वर्षाच्या आत बदलावी.

सजावटीकडे येतो. माझ्या मते यादी सगळ्यात फुगलेली असते ती इथे. मखराचे जुने तुकडे, कधीकाळच्या देखाव्याच्या मूर्ती, गंजलेले फोकस, काहीच टाकवत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली. त्यानंतरही 'थर्माकोलची महिरप, खांब ४' अशा नोंदी काही मंडळांच्या पत्रांत चालू राहिल्या, कारण वस्तू यादीतून काढायची कशी हे कोणाला ठाऊक नव्हतं. रीत साधी आहे. निरुपयोगी वस्तूंची वेगळी यादी करायची, ती सभेत वाचायची, 'मोडीत काढावी' असा ठराव घ्यायचा, विकली तर भंगारवाल्याकडून वजन आणि रकमेची चिठ्ठी घेऊन ती रक्कम जमेला दाखवायची, आणि जडवस्तूंच्या नोंदवहीत त्या ओळीसमोर ठरावाची तारीख टाकायची. पितळ किंवा तांबं विकायचं असेल तर दोन ठिकाणी भाव विचारून दोन्ही लिहून ठेवावेत. पत्रात वस्तू नुसती नाहीशी होता कामा नये. ती कुठे गेली हे त्याच कागदावर सापडलं पाहिजे.

चालू सामानासाठी स्थिती लिहायची. दिव्यांच्या माळा गुंडाळण्याआधी एकेक लावून पाहाव्यात आणि 'माळा ४०, पैकी लागणाऱ्या ३१' असं लिहावं. वायर उंदराने कुरतडलेली असेल, जोडावर नुसती चिकटपट्टी असेल, तर ती माळ बाजूला काढून टाकावी. पुढच्या वर्षी घाईत तीच लोखंडी कमानीवर चढते आणि कमानीत करंट उतरतो. मखर सुटं होणारं असेल तर सोडताना प्रत्येक सांध्यावर रंगाने एकच आकडा दोन्ही बाजूंना घालावा, नट-बोल्टची पिशवी चौकटीलाच बांधावी, आणि उभ्या मखराचे पुढून-मागून फोटो पत्रासोबत द्यावेत. ज्या सुताराने ते बनवलं तो दरवर्षी येईलच असं नाही.

कापडाचा प्रश्न हवामानाचा आहे. उत्सव भाद्रपदात, मुंबईत तेव्हा पाऊस. मखमली पडदे, झालरी, सतरंज्या दमट असतानाच पेटाऱ्यात गेल्या की दोन महिन्यांत बुरशी धरते आणि पुढच्या वर्षी पडद्यावर काळे ठिपके असतात. ऑक्टोबरचं कडक ऊन पडल्यावर त्या गच्चीत वाळवून मगच बांधायच्या. म्हणजे सप्टेंबरच्या पत्रात कापड लिहिता येतं, पण बंद करता येत नाही. पत्रात तसं लिहून ठेवावं, 'कापडी सामान वाळवून ऑक्टोबरअखेर पेटारा क्रमांक दोनमध्ये बंद करावयाचे आहे', आणि ते झाल्यावर खाली पुरवणी ओळ व सही.

यादीत एक रकाना मी आग्रहाने घालायला लावतो: 'बाहेर असलेल्या वस्तू'. मोजणीच्या दिवशी कपाटात नसलेलं पण मंडळाचं असलेलं सगळं त्यात. कोणाकडे, कधीपासून, कोणी दिलं, अनामत घेतली का. उलटंही लिहावं, मंडळाच्या खोलीत पडलेलं दुसऱ्यांचं सामान. शेजारच्या वाडीची शिडी, आचाऱ्याचा झारा, मांडववाल्याचे दोन पाट. ते वेगळं लिहिलं नाही तर पुढची कार्यकारिणी प्रामाणिकपणे ते आपलंच समजते, आणि दोन वाड्यांत वर्षानुवर्षं कटुता राहते.

आता पैसा. इथे नव्या खजिनदाराची फसगत ठरलेली असते: तो पासबुक उघडतो, शेवटचा आकडा पाहतो, त्यात पेटीतली रोकड मिळवतो आणि तेवढे पैसे आपल्याकडे आहेत असं धरून चालतो. एक हिशेब पूर्ण करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

रोखकीर्दीप्रमाणे हातातली शिल्लक १८,६४० रुपये. पेटी उघडून नोटा मोजल्या: पाचशेच्या ३१, दोनशेच्या ८, शंभराच्या ११, पन्नासच्या ४, विसाच्या ३, दहाच्या ६ आणि नाणी ४५ रुपयांची. बेरीज १८,५६५. पंचाहत्तर रुपये कमी. अशा वेळी खिशातून पंचाहत्तर टाकून आकडा जुळवायचा मोह होतो, आणि तो टाळायचा. कमी पडलेल्या रकमेला जवळपास नेहमी कागद असतो. चिठ्ठ्यांची फाइल चाळली तर विसर्जनाच्या सकाळी फुलं आणि दूर्वा आणल्याची ७५ रुपयांची चिठ्ठी निघते, कीर्दीत चढायची राहिलेली. ती चढवायची, शिल्लक १८,५६५ करायची, आणि पत्रात नोटांचं विवरण जसंच्या तसं द्यायचं. चिठ्ठी सापडलीच नाही, तर 'मोजणीत ७५ रुपये कमी, खुलासा नाही' असं लिहून सभेपुढे ठेवायचं. जास्त निघाले तरी तसंच.

पासबुकात १,४२,३१० रुपये आहेत. पण मांडववाल्याला दिलेला ३८,००० चा धनादेश त्याने अजून भरलेला नाही. पासबुकाला तो माहीत नाही, चेकबुकाच्या स्थळप्रतीला माहीत आहे. म्हणजे बँकेतले खरे पैसे १,०४,३१०. त्यात रोख मिळवली की १,२२,८७५. ध्वनिक्षेपकवाल्याचं ९,५०० चं बिल यायचं आहे, ते देणं वजा केलं की १,१३,३७५. यातले २५,००० एका दात्याने मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून दिलेले आहेत, पावतीवर तसं लिहिलेलं आहे. ते उत्सवाला वापरता येत नाहीत. उरले ८८,३७५. नव्या खजिनदाराला पासबुक आणि पेटी मिळून १,६०,८७५ दिसत होते. त्या भरवशावर त्याने मोठ्या मूर्तीची आगाऊ रक्कम देऊन टाकली असती, तर श्रावणात हात आखडला असता.

स्मरणिकेच्या जाहिरातींचे यायचे १२,००० रुपये आणि तात्पुरत्या वीजजोडणीची अनामत या हिशेबात मी घेतलेली नाही. येणं आल्यावर जमा. पत्रात त्याची स्वतंत्र यादी द्यावी, कोणाकडून, किती, शेवटचं कधी मागितलं. अनामतीची मूळ पावती मात्र पत्राला जोडावीच, ती हरवली की पैसे परत मिळवायला फेऱ्या पडतात.

रोख घरात ठेवू नये हे सगळे सांगतात आणि तरी ती राहते. २०१६ साली अनंत चतुर्दशी १५ सप्टेंबरला होती, आणि ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दोन महिने कोणाच्या तरी कपाटात असलेली मंडळाची शिल्लक तेव्हा बँकेत न्यावी लागली, आणि ती मंडळाचीच हे सांगायला कागद लागला. नोटांच्या विवरणासह सह्या झालेलं पत्र असेल तर असा प्रश्न एका मिनिटात सुटतो. मोजणी झाली की किरकोळ खर्चापुरती रक्कम ठेवून बाकीची दुसऱ्याच दिवशी भरावी आणि भरणा पावती पत्राला लावावी.

पावतीपुस्तकं माझ्या लेखी रोकडीइतकीच जपायची वस्तू आहेत. कोरं पुस्तक ज्याच्या हातात आहे तो मंडळाच्या नावाने वर्गणी गोळा करू शकतो. समजा ५० पावत्यांची ६० पुस्तकं छापली. पत्रातली नोंद अशी हवी: 'पुस्तक १ ते ४७ वापरलेली, पैकी ४६ परत आली. पुस्तक ३३, पावती १६०१ ते १६५०, परत आलेलं नाही. त्यातील वर्गणी किती हे स्थळप्रत पाहिल्याशिवाय ठरत नाही, म्हणून जमेत धरलेली नाही. पुस्तक ४८ मधील पावती २३५१ ते २३७२ वापरलेल्या, २३७३ ते २४०० आडवी रेघ मारून रद्द. पुस्तक ४९ ते ६० कोरी, एकूण १२, नव्या चिटणिसांच्या ताब्यात.' हरवलेल्या पुस्तकाचे क्रमांक चाळीच्या फळ्यावर लिहून ते रद्द असल्याचं जाहीर करावं. फळ्यावर क्रमांक लागल्यावर ते पुस्तक पुष्कळदा सापडतंही, एखाद्या मुलाच्या दप्तरात.

हल्ली वर्गणीचा मोठा भाग फोनवरून येतो. मांडवात आणि दानपेटीवर क्यूआर कोडचे कागद चिकटवलेले असतात. ते कोणत्या खात्याचे आहेत हे पत्रात लिहिलेलं मी अजून फार कमी ठिकाणी पाहिलं. कोड मंडळाच्या खात्याचा असेल तरी बँकेचे संदेश जुन्या खजिनदाराच्या फोनवर जात राहतात. आणि घाईत कोणी स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा कोड लावला असेल, तर ते पैसे मंडळाच्या कीर्दीत आलेलेच नसतात. अशा वेळी त्या व्यक्तीकडून उत्सवाच्या दिवसांचा खातेउतारा घ्यावा, रक्कम मंडळाच्या खात्यात वळती करून घ्यावी, आणि तो कागद पत्राला जोडावा. जुने सगळे कोड फाडून टाकावेत, दानपेटीवरचा आठवणीने.

बँकेत सह्या बदलायला ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि फेऱ्या लागतात. तोवर खात्यावर जुन्यांचीच सही चालते, म्हणजे कायद्याने जबाबदारीही त्यांच्याकडे राहते. पत्रात 'अमुक तारखेनंतर जुने सहीदार एकही धनादेश काढणार नाहीत' अशी ओळ असावी आणि शेवटच्या वापरलेल्या धनादेशाचा क्रमांक असावा.

मंडळ नोंदणीकृत न्यास असेल तर आणखी एक काम लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे, न्यासाच्या नोंदींत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. विश्वस्त बदलले आणि अर्ज राहिला, की पाच वर्षांनी तिथल्या कागदावर असे लोक विश्वस्त असतात ज्यांतले काही चाळ सोडून गेलेले आणि काही जग सोडून गेलेले असतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी कलम ४१ सी खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. ती परवानगी आणि दिलेल्या हिशेबाची पोहोच, दोन्ही चार्जच्या फाइलमध्ये असायला हवीत.

हे सगळं लिहून झालं की साध्या मंडळाचं पत्र चार-पाच पानांचं होतं, मोजणीला एक सकाळ जाते. नव्या चिटणिसाने सही करताना घाई करू नये. जी वस्तू हातात घेऊन पाहिली नाही तिच्यासमोर 'पाहिली नाही' असं लिहावं. जुन्याने त्याचा राग मानू नये, कारण त्या दोन शब्दांनी त्याचंही रक्षण होतं. पत्राच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, नुसत्या शेवटच्या पानावर नको, मधलं पान बदलता येतं.

प्रती तीन काढा. एक जुन्या चिटणिसाकडे, एक नव्याकडे, एक दागिन्यांच्या पिशवीसोबत लॉकरमध्ये. पुढच्या सर्वसाधारण सभेत पत्र पूर्ण वाचा, भांड्यांची यादीसुद्धा, कारण ती ऐकून सभेतली एखादी वयस्कर बाई सांगते की मोठं घंगाळ अमक्यांकडे पाणी तापवायला आहे. मग इतिवृत्तात नोंद घ्या की पत्र वाचलं आणि मंजूर झालं. तुमच्या मंडळात यंदाचा चार्ज अजून द्यायचा राहिला असेल, तर येत्या रविवारी कपाट उघडा.